धुण्यात टिकणारा गणवेश, पायाला बसणारे बूट

गणवेश विटतो तो वापराइतकाच धुण्याने. आठवड्यातून दोन-तीनदा तीच पँट ब्रशखाली जाते आणि पावसाळ्यात ती धड वाळतही नाही. त्यामुळे कापड निवडताना ते दुकानात कसे दिसते यापेक्षा धुतल्यावर काय होते, हे पाहायला हवे.

पँट आणि स्कर्टसाठी आपल्याकडे बहुतेक पॉलिस्टर-व्हिस्कोस सुटिंग वापरतात. त्याला ताकद पॉलिस्टर देते, तर मऊपणा व्हिस्कोसमुळे येतो. पण व्हिस्कोसचा धागा भिजला की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. कोरडे असताना दणकट वाटणारे कापड म्हणूनच ओले असताना ब्रशने घासल्यावर गुडघ्यावर विरते आणि बसण्याच्या जागी त्यावर गोळे येतात. मळलेला भाग आधी साबणात भिजवून हाताने चोळावा, पँट उलटी करून धुवावी आणि उलटीच सावलीत वाळवावी. शर्टाला पॉलिस्टर आणि सुताचे टेरिकॉट सोयीचे. सुताचे प्रमाण जास्त असले तर घाम चांगला टिपला जातो, पण कापड आटते आणि इस्त्रीही जास्त लागते. खेळकर, घामेजणाऱ्या मुलासाठी मी तरी इस्त्रीचा त्रास पत्करून सूत जास्त असलेलाच शर्ट घेईन.

कापड पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागून घ्या. त्यावर बॉलपेनने 20 सेंटिमीटर लांबीची उभी आणि आडवी रेघ आखा. नेहमीच्या साबणाने तीन वेळा धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा. उभी रेघ 19.4 सेंटिमीटर भरली, तर कापड तीन टक्के आटले. पाऊण मीटर लांबीच्या पँटमध्ये ही घट सव्वादोन सेंटिमीटरची होते. गडद निळ्या किंवा मरून कापडावर पांढरा ओला रुमाल जोर देऊन घासा. रुमालाला रंग लागला, तर तो शेजारच्या पांढऱ्या शर्टालाही लागणार.

आता मुलाची वाढ हिशेबात धरू. प्राथमिक शाळेतल्या मुलाची उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते आणि त्यातला निम्मा भाग पायांचा असतो. म्हणजे आटण्याचे सव्वादोन आणि वाढीचे तीन मिळून पाच सेंटिमीटरच्या वर गेले. पँटच्या तळाशी सहा-सात सेंटिमीटरची दुमड असेल, तर वर्षभर एकच पँट पुरते. कंबरेच्या मागच्या शिवणीत दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर माया ठेवायला शिंप्याला सांगा. तयार कपडे घेताना ते उलटे करून पाहा. बऱ्याच तयार पँटमध्ये माया जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि अशी पँट नंतर उसवून वाढवता येत नाही. दोन नंबर मोठी पँट हा यावर उपाय नाही, कारण तिचा गुडघा भलत्याच जागी येतो आणि तळ पायाखाली घासून फाटतो.

बुटाचे गणित वेगळे आहे, कारण बुटात माया ठेवता येत नाही. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, मुलाला शाळेचे मोजे घालून कागदावर उभे करा. टाच भिंतीला टेकवून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर दोन्ही पायांचे मोजा आणि मोठे माप धरा. बुटाच्या आतली लांबी त्याहून एक सेंटिमीटर जास्त असावी. एक नंबर वाढला की लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते. दोन नंबर मोठ्या बुटात पाय जिथे वाकतो तिथे तळवा वाकत नाही. बूट पुढच्या भागात भलतीकडे दुमडतो, वरच्या थराला तिथेच तडे जातात आणि टाचेला फोड येतात. दुकानात बूट हातात धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नव्हे. कृत्रिम चामड्याचा वरचा थर दमट हवेत सोलवटतो. भिजलेला बूट गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका. आत वर्तमानपत्र कोंबून तो पंख्याखाली वाळवा.

दुकानदार विश्वासाचा आहे की नाही, हे तीन गोष्टींवरून कळते. तो ठाणाच्या काठावर छापलेले गिरणीचे नाव दाखवतो, पक्के बिल देतो आणि बुटाचा नंबर बसला नाही तर न वापरलेला जोड बदलून देतो. डिसेंबरात दुसरी पँट शिवायची झाली तर हीच छटा मिळेल का, हेही विचारून ठेवा, कारण रंगाईचा घाणा बदलला की निळ्यातही फरक पडतो.

सरकारी शाळांच्या पालकांना एक विनंती. संपूर्ण राज्यात एकच गणवेश देण्याचा प्रयोग मागे घेऊन डिसेंबर 2024 मध्ये शासनाने गणवेशाचा निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मागणी नोंदवण्याआधी नमुन्याचा तुकडा घरी नेऊन तीनदा धुवा आणि त्याचे माप समितीच्या बैठकीत मांडा.