पुस्तक परीक्षणाचे पुनर्लेखन : सारांशाला कात्री, मूल्यमापनाला जागा
(लेखमाला : अभ्यासकाचे लेखन)

परीक्षणाचा पहिला खर्डा बहुधा प्रकरणवार सारांशाने फुगलेला असतो आणि मत शेवटच्या चार ओळींत ‘संग्राह्य, पण काहीसे एकांगी’ असे उरकलेले असते. मायकेल लेव्हिन यांचे ‘डिस्पझेशन विदाउट डेव्हलपमेंट’ हे २०१८ चे पुस्तक घेऊ. जयपूरजवळच्या एका गावाची (पुस्तकातले टोपणनाव राजपुरा) जमीन विशेष आर्थिक क्षेत्रासाठी गेली, त्याचा हा अभ्यास आहे. हजार शब्दांच्या परीक्षणात त्याच्या सारांशाला दीडशे-दोनशे शब्द पुरतात. उदारीकरणानंतर सरकार खासगी भांडवलासाठी जमिनीचे दलाल बनले. मोबदल्यात विकसित भूखंड देऊन विरोध बोथट केला गेला. फायदा मात्र गावातल्या आधीच सबळ असलेल्यांना अधिक झाला. एवढे सांगितले की पुढचे मूल्यमापन वाचकाला समजते. मग पुस्तक कळणार कसे, असा आक्षेप येईल. प्रकरणांचा क्रम अनुक्रमणिकेतही मिळतो. परीक्षणात हवा तो दावा आणि त्यामागचा पुरावा. सारांशातल्या ज्या वाक्यावर पुढे मत मांडलेले नाही, ते बिनदिक्कत काढावे.

मूल्यमापन कसे तपासायचे, हे रायगड जिल्ह्यातल्या जासईवरून पाहू. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या या गावी आणि परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. नवी मुंबईसाठी जमिनी घेणारे सिडको हे सरकारी महामंडळ, आणि भूसंपादन १९७० च्या सुमाराचे, म्हणजे उदारीकरणाच्या वीस वर्षे आधीचे. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली तीही आंदोलनानंतर. खर्ड्यात यावर सहज लिहिले जाते : ‘लेखकाने रायगडकडे दुर्लक्ष केले आहे.’ हे अन्यायाचे आहे. राजस्थान हे त्यांचे निवडलेले क्षेत्र, आणि आपल्या आवडीचा विषय पुस्तकात नसणे हा पुस्तकाचा दोष नव्हे. मग स्थानिक उदाहरण वगळायचे का? तेही नाही, कारण उपशीर्षकात आख्ख्या भारताचे नाव आहे आणि दाव्याची व्याप्ती तपासणे हे समीक्षकाचे कामच आहे. मात्र इतर प्रदेशांबद्दल लेखक काय म्हणतात ते आधी वाचावे आणि मगच वाक्य बदलावे : ‘भूखंडाचे आमिष विरोध कसा विरघळवते, हे राजपुऱ्यापुरते पटते, पण जासईत भूखंड विरोधातून मिळाले, त्यामुळे हे साधन सरकार कधी आपणहून वापरते आणि कधी त्याला ते द्यावे लागते, हा प्रश्न उरतो.’ इथे पुराव्याची ताकद मान्य आहे, मर्यादेची जागा नेमकी दाखवली आहे, आणि लेखकाला उत्तर देता येईल असे काहीतरी आहे. ‘काहीसे एकांगी’ला कोण काय उत्तर देणार?

हे वाक्य सापडले की ते शेवटी ठेवू नये. सारांश संपताच आणावे. गावातल्या जमीन-दलालांवरचे विवेचन, पुस्तकाचा सर्वांत भक्कम भाग, त्यानंतर मनापासून वाखाणता येते.