हरवलेली ट्रंक

म्हैसूरजवळच्या बेळगोळला रेल्वे स्थानक आहे आणि जवळच कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी वृंदावन उद्यान. या उद्यानात अनेक चित्रपटांची गाणी चित्रित झाली. तेव्हा आपणही एक कल्पित पटकथा येथेच घडवू.

मूळ लेखनात दृश्य ११ मध्ये सुलभा सकाळी बेळगोळला उतरते. अंगावर हिरवी साडी, हातात ट्रंक आणि काळी छत्री. दृश्य १२ मध्ये ती दुपारी भावाच्या घरी पोचते, छत्री खुंटीला अडकवते आणि पांढरी साडी नेसते. दृश्य १३ मध्ये संध्याकाळी, उद्यानातील दिव्यांच्या उजेडात, मित्र तिला एक पत्र देतो. दृश्य १४ मध्ये रात्री घरी ती ते वाचून ट्रंकेत ठेवते.

पुढे लेखकाला वाटले, की स्थानकावरून ती थेट उद्यानात गेली तर प्रसंग रंगेल. म्हणून त्याने १३ वे दृश्य १२ व्याच्या आधी आणले. बदल एवढाच, पण त्याचे परिणाम पाहा.

अशा वेळी दृश्ये नुसती क्रमाने वाचून भागत नाही. कागदावर रकाने आखावेत: दृश्य, कथेतील दिवस, वेळ, वेश, वस्तू. मग एकेक वस्तू हाती घेऊन ती कथेत प्रथम दिसल्यापासून शेवटपर्यंत तिचा माग काढावा.

आधी वेळ. उद्यानात दिवे हवेत, म्हणून गाडी आता सायंकाळी आली पाहिजे. साहजिकच १२ वे दृश्य रात्रीचे झाले. तेथील भावाचे ‘किती ऊन लागलं गं!’ हे वाक्य खोटे ठरले. वेळेच्या चुका अशा शीर्षकापेक्षा संवादातच अधिक लपतात.

मग वेश. उद्यानात सुलभा हिरव्याच साडीत असणार; मित्राने पांढऱ्या साडीची केलेली स्तुती काढावी लागेल. छत्रीही तिच्या हातीच हवी.

राहिली ट्रंक. ती उद्यानात कोणी न्यायची? स्थानकावर भावाचा गडी ट्रंक घरी नेतो, असे एक वाक्य घातले की घरी ती आधीच पोचलेली दिसेल आणि पत्र ठेवायला जागा राहील.

दृश्यांचे मूळ क्रमांक मात्र बदलू नयेत. नवे दृश्य आले तर त्याला ‘११ अ’ म्हणावे आणि गाळलेल्या क्रमांकापुढे ‘वगळले’ लिहावे. सुधारित पाने निराळ्या रंगाच्या कागदावर काढतात, म्हणजे कोणाच्या हाती जुने पान उरत नाही.

हे सारे चित्रीकरणापूर्वीच का करायचे? कारण दृश्ये कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. स्थानक आणि उद्यान येथे एका मुक्कामात उरकतील. घराचे दृश्य कदाचित महिन्याने मुंबईच्या स्टुडिओत होईल. ट्रंक विसरल्याचे तेव्हा ध्यानात आले, तर त्या एका वाक्यासाठी साऱ्या मंडळींना पुन्हा बेळगोळ गाठावे लागेल.