स्नेहसंमेलनाचा माइक आणि मुख्याध्यापकांना लिहायचे पत्र

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कॉर्डलेस माइक आणि स्पीकरचा संच घ्यायचा असेल, तर सांस्कृतिक विभागाचे शिक्षक मुख्याध्यापकांकडे लेखी मंजुरी मागतात. हे पत्र साधारण पानभराचे असते. ते वाचून मुख्याध्यापकांना तिथल्या तिथे निर्णय घेता यावा, हीच त्याची कसोटी. काय घ्यायचे, का घ्यायचे, किती पैसे लागतील, ते कोणत्या निधीतून येतील आणि वस्तू कोणाच्या ताब्यात राहील, यांपैकी एकही उत्तर पत्रात नसेल तर ते ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत येते आणि आठवडा वाया जातो.

बहुतेक पत्रे कमी पडतात ती ‘का’ या प्रश्नापाशी. ‘कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून’ हे कारण खर्चाला पुरत नाही. खरे कारण रंगमंचावर दिसते. वायरच्या माइकचा स्टँड एका जागी उभा असतो. नाटुकल्यातली मुले संवादासाठी एकेक करून त्याच्यापाशी येतात आणि प्रसंग विस्कटतो. समूहनृत्यात वायर पायांत येते. निवेदकाला पाहुण्यांपर्यंत माइक नेता येत नाही. हातात धरायचा कॉर्डलेस माइक आणि कपड्याला लावायचा कॉलर माइक या अडचणी दूर करतात. पत्रात हे दोन वाक्यांत लिहिले, तरी मागणीला आधार मिळतो.

त्यानंतर संचाचे वर्णन नेमके करावे लागते. ‘एक वायरलेस स्पीकर’ एवढेच लिहिले, तर दुकानदार काहीही देऊ शकतो. बाजारात स्पीकरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात पीएमपीओ वॉट छापलेले असतात. तो आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असून प्रत्यक्ष उपयोगाचा नसतो. सलग मिळणारी शक्ती आरएमएस वॉटमध्ये सांगतात आणि दरपत्रकावर तोच आकडा मागावा. दुसरी गोष्ट माइकची. ब्लूटूथवर चालणारा माइक टाळावा, कारण साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग लागतो. बोलणाऱ्याला स्वतःचेच शब्द मागून ऐकू येतात आणि मूल अडखळते. स्वतःचा रेडिओ रिसीव्हर असलेला यूएचएफ संच घ्यावा आणि त्यातल्या प्रत्येक माइकची फ्रिक्वेन्सी वेगळी असावी. दोन माइक एकाच फ्रिक्वेन्सीवर असले, की दोन्ही सुरू करताच खरखर होते किंवा एकाचा आवाज गायब होतो. गाण्यांसाठी मात्र ब्लूटूथ चालते. तरी पेनड्राइव्ह अधिक भरवशाचा, कारण नृत्य चालू असताना फोन वाजला तर गाणे तुटते.

स्पीकर किती लागतील, हे जागेवर ठरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. स्पीकरपासून ३ मीटरवर जेवढा आवाज मिळतो, त्यापेक्षा २४ मीटरवर तो साधारण १८ डेसिबल कमी असतो. म्हणून पटांगणावर एकच स्पीकर मोठा करण्याऐवजी मंचाच्या दोन्ही बाजूंना, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून आवाज जाईल अशा उंचीवर दोन स्पीकर ठेवतात. ते मंचाच्या पुढच्या कडेपेक्षाही पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून असावेत. माइक स्पीकरच्या समोर आला तर स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि कर्कश शिट्टी सुरू होते. अनेकदा दोष संचात नसून मांडणीत असतो. काही हजार प्रेक्षकांचा मोठा सोहळा असेल, तर असा संच पुरणार नाही. तिथे ध्वनिव्यवस्था भाड्याने घेणेच योग्य आणि पत्रातही तसे स्पष्ट म्हणावे.

उदाहरणादाखल एक माध्यमिक शाळा घेऊ. प्रेक्षक सुमारे ३००, कार्यक्रम पटांगणावर, शेवटची रांग मंचापासून २५ मीटरवर. दोन स्पीकर, स्टँड, दोन हातातले आणि दोन कॉलर माइक यांची किंमत २६,००० रुपये धरली, तर १८ टक्के जीएसटी ४,६८० रुपये होऊन एकूण ३०,६८० रुपये होतात. हीच शाळा दर कार्यक्रमाला ६,००० रुपये भाडे देत असेल आणि वर्षात असे तीन कार्यक्रम होत असतील, तर वर्षाचे भाडे १८,००० रुपये होते. म्हणजे खरेदीचा खर्च दुसऱ्या वर्षातच भरून निघतो. तुलनेची ही तीन वाक्ये पत्रातला सर्वांत वजनदार भाग ठरतात. या शाळेचे पत्र असे होईल :

प्रति,
मा. मुख्याध्यापक

विषय : वार्षिक स्नेहसंमेलनासाठी कॉर्डलेस माइक व स्पीकर संच खरेदीस मंजुरी मिळणेबाबत.

महोदय,

यंदाचे स्नेहसंमेलन २० डिसेंबर रोजी पटांगणावर होणार आहे. वायरच्या माइकमुळे नाटिका व नृत्यांत मुलांना मोकळेपणी वावरता येत नाही. त्यासाठी दोन स्पीकर, दोन हातातले व दोन कॉलर माइक असलेला संच घ्यावा, अशी विनंती आहे. तीन दरपत्रके सोबत जोडली आहेत. त्यांतील सर्वांत कमी दर जीएसटीसह रु. ३०,६८० असून त्यात एक वर्षाची हमी आहे. सध्या भाड्यापोटी वर्षाला सुमारे रु. १८,००० खर्च होतात. हा खर्च स्नेहसंमेलन निधीतून करावा. रंगीत तालमीसाठी संच १२ डिसेंबरपर्यंत मिळणे आवश्यक आहे. संच सांस्कृतिक विभागाच्या ताब्यात राहील व त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत केली जाईल. कृपया मंजुरी द्यावी.

आपली विश्वासू,
सांस्कृतिक विभागप्रमुख

सोबत : तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता.

सर्वांत कमी दराचा संच घ्यायचा नसेल, तर त्याचे कारण पत्रातच द्यावे लागते. दुरुस्ती गावात होत नाही किंवा आरएमएस वॉट कमी आहेत, अशी कारणे पुरेशी असतात. तिन्ही दुकानांकडून एकाच वर्णनाचे दर मागितले नसतील, तर तुलनेला अर्थ राहत नाही. पत्र कार्यक्रमाच्या निदान तीन आठवडे आधी द्यावे. रक्कम मुख्याध्यापकांच्या अधिकारापेक्षा मोठी असेल तर विषय संस्थेपुढे किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे जातो आणि बैठक रोज होत नसते. संच आल्यावर तालमीत बॅटरीही तपासावी. पूर्ण चार्ज करून, कार्यक्रमाच्या आवाजात तो किती तास टिकतो हे पाहावे, कारण आवाज वाढवला की बॅटरी खोक्यावर लिहिलेल्या वेळेच्या बरीच आधी संपते.

मुख्याध्यापकांची मंजुरी मिळाली, तरी एक परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपक लावण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात करतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातले काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देते, पण शाळेने ती गृहीत धरू नये. स्पीकर बॅटरीवर चालणारा आणि बिनवायरीचा असला, तरी हा नियम त्यालाही लागू होतो.

तोंडी ‘घ्या’ म्हटले तरी खरेदी करू नये. पत्रावर मंजूर रकमेसह शेरा, सही आणि तारीख हवी. आवक क्रमांकासह त्याची प्रत बिलाच्या फाइलला लावून ठेवावी, कारण लेखापरीक्षणात पहिल्यांदा तीच मागितली जाते.