बेरीज कशाची करावी?

दुकानाच्या विक्रीचं फॅक्ट टेबल मांडताना आधी ग्रेन ठरवतात: एक ओळ म्हणजे अख्खं बिल, की बिलातली एकेक वस्तू? बिलाची एकच ओळ ठेवली, तर साखर किती खपली हे त्यातून कधीच निघत नाही.

विक्रीचे रुपये वस्तू, दुकान, दिवस कसेही मिळवा, चालतं. साठा दुकानांचा मिळवता येतो, दिवसांचा नाही: सोमवारी ४० किलो आणि मंगळवारी ३० किलो शिल्लक म्हणजे ७० किलो साखर नव्हे.

नफ्याचे टक्के मिळवूच नयेत. १०० रुपयांच्या विक्रीवर २० नफा, ९०० वर ९०. टक्क्यांची सरासरी १५ येते, खरा नफा ११ टक्के. म्हणून टेबलात रुपये ठेवावेत, टक्के शेवटी काढावेत.