गणपती १८ दिवस उशिरा. शाडूकाम करणाऱ्या घराचे वर्ष कसे भागते?

गेल्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. मधे अधिक ज्येष्ठ आल्याने दोन चतुर्थींतले अंतर ३८३ दिवसांचे झाले. भाविकांसाठी हा पंचांगाचा भाग. पेण, हमरापूर, जोहे परिसरातल्या मूर्तिकार कुटुंबांसाठी मात्र याचा अर्थ असा, की एका हंगामाच्या पैशांत बारा नव्हे, जवळपास तेरा महिने काढायचे.

वाढीव दिवसांत जास्त मूर्ती होतील, असे वाटेल. प्लास्टर ऑफ पॅरिस असते तर झाल्याही असत्या. ते साच्यात काही मिनिटांतच घट्ट होते. शाडूचे तसे नाही. माती भिजवायची, तुडवायची, काथ्या किंवा कागदाचा लगदा घालून मळायची, साच्यात दाबायची. साच्यातून निघालेली मूर्ती सावलीतच आठ-पंधरा दिवस वाळते, उन्हात घाईने वाळवली की तडकते. पावसाळी हवेत वेगळीच अडचण. वरून कोरडी दिसणारी मूर्ती आतून ओली राहते आणि रंग दिल्यावर पापुद्रे सुटतात. जाणता कारागीर रंगाआधी मूर्तीच्या पाठीला आणि बैठकीला हाताची मागची बाजू लावून बघतो. गार लागली की ती पुन्हा फळीवर जाते.

यंदाचे वाढलेले १८ दिवस नेमके पावसाळ्यातले आहेत. त्यात रंगकाम होईल, आखणी होईल, पण नव्या मूर्ती फारशा वाळणार नाहीत. शाडूचे खरे दिवस ऑक्टोबर ते मे, आणि त्याच काळात घरात पैसा येत नाही.

हिशेब मांडून पाहू

समजा, चौघांचे कुटुंब ३०० मूर्ती करते आणि सरासरी हजार रुपयांना विकते. वीस मूर्ती फुटल्या किंवा राहिल्या, तर हाती २ लाख ८० हजार येतात. माती, रंग, मदतनीस, भाडे आणि वाहतूक यांचे १ लाख २० हजार वजा केले की उरतात १ लाख ६० हजार. घरखर्च महिना १५ हजार धरला तर बारा महिन्यांना २० हजारांची तूट पडते, तेरा महिन्यांना ३५ हजारांची. ही तूट बहुतेकदा पुढच्या मालावर उचल घेऊन भरली जाते आणि उचल देणारा भाव पाडून मागतो.

यावर पणत्या करा, असा सल्ला हमखास मिळतो. पण पणती भाजावी लागते, ते भट्टीचे आणि कुंभाराचे काम. न भाजलेल्या शाडूच्या पणतीत तेल मुरते. माघी गणेशोत्सवाची मागणी आहे, पण भाद्रपदाच्या मानाने थोडी.

जास्त उपयोगी पडते ती कच्ची मूर्ती, म्हणजे वाळलेली पण न रंगवलेली. दुसऱ्या गावचे कारखानदार ती नेऊन स्वतः रंगवतात. याच कुटुंबाने ऑक्टोबर ते जानेवारीत १२० कच्च्या मूर्ती केल्या आणि प्रत्येकी ४०० रुपयांना दिल्या, तर ४८ हजार येतात. माती, काथ्या आणि बांधणीचे १३ हजार गेले की ३५ हजार उरतात. तूट तेवढीच होती.

अर्थात दोन गोष्टी पाळल्या तरच. शाडू मुख्यतः गुजरातहून येतो, तेव्हा चतुर्थीच्या पैशातून घरखर्चाआधी मातीचे १३ हजार बाजूला काढावे लागतात. आणि माल देताना निम्मी रक्कम रोख घ्यावी लागते. सगळे पैसे गणपतीनंतर मिळणार असतील, तर ती विक्री फेब्रुवारीत होऊनही पैसा सप्टेंबरचाच.

कर्ज कधी घ्यावे?

पीएम विश्वकर्मा योजनेत मूर्तिकारांना ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखाचे कर्ज मिळते, एका कुटुंबात एकालाच. फेड १८ महिन्यांत, म्हणजे हप्ता महिना सुमारे ५,८०० रुपये. घरखर्च १५ हजार असलेल्या घराला ही रक्कम जड आहे. इथे महिना महत्त्वाचा ठरतो. यंदा ऑगस्टमध्ये कर्ज घेतले तर फेडीच्या काळात २०२६ आणि २०२७ अशा दोन चतुर्थी येतात. ऑक्टोबरमध्ये घेतले तर एकच.

पुढची चतुर्थी ४ सप्टेंबर २०२७ ला, म्हणजे ३५५ दिवसांनी आहे. तेव्हा घरखर्चाचे दिवस कमी होतील, पण मूर्ती दहा दिवस आधी द्याव्या लागतील.