सारसाची साद, २५६ पायऱ्यांत

महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरलेत. समजा, बिरसीजवळच्या धानाच्या बांधीत त्यांची साद ओळखणारं छोटं यंत्र ठेवायचंय. 'अर्डुइनो नॅनो ३३ बीएलई सेन्स' या बोर्डवर माइक आहे, पण फ्लॅश मेमरी फक्त १ एमबी. तुमच्या न्यूरल नेटवर्कमध्ये ३ लाख वजनं असतील आणि प्रत्येकाला ३२ बिट लागत असतील, तर नुसती वजनंच १२ लाख बाइट होतात. म्हणजे बसतच नाहीत! प्रत्येक वजन ८ बिटांचा पूर्णांक केलं, की ३ लाखांत काम भागतं.

पण ८ बिटांत मावतात फक्त २५६ किमती. त्यामुळे वजनांसाठी आणि थरांतून बाहेर पडणाऱ्या आकड्यांसाठी मोजपट्टी ठरवावी लागते. थरांची पट्टी ठरवायला टेन्सरफ्लो लाइटमध्ये `representative_dataset` म्हणून काही नमुने द्यायचे असतात. त्यांत दिसलेल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांमधलं अंतर २५५ भागांत वाटलं जातं.

गोची इथेच होते. बिरसीला विमानतळ आहे, तिथे वैमानिकांचं प्रशिक्षणही चालतं. सारसाच्या आवाजाला एका थरातले आकडे ० ते ६ असतील, तर पायरी साधारण ०.०२४ ची. नमुन्यांत डोक्यावरून गेलेल्या विमानाचं एकच रेकॉर्डिंग आलं आणि आकडा ६० ला भिडला, की पायरी ०.२४ ची होते. मग सारसाच्या वाट्याला २५६ पैकी जेमतेम २६ पायऱ्या. विमान वगळलं तर ६ च्या वरचं सगळं ६ वरच छाटलं जातं. त्यापेक्षा आवाजाची ऊर्जा नेटवर्कला देण्याआधीच तिचा लॉगॅरिदम घेतलेला बरा. मोठा आवाज तिथेच दबतो.

आता नुकसान मोजू. चाचणीच्या ४०० क्लिप मूळ आणि ८ बिटी, दोन्ही मॉडेलांना द्या. या क्लिप वरच्या नमुन्यांत नकोत. समजा, मूळ मॉडेलची ३७२ उत्तरं बरोबर आली आणि ८ बिटीची ३६८. फक्त १ टक्का घट! पण थांबा, सारसाच्या क्लिप त्यात ४० च आहेत. मूळ मॉडेलनं त्यातल्या ३६ ओळखल्या, ८ बिटीनं ३०. बाकीच्या ३६० मध्ये मात्र ३३६ ची ३३८ झाली. ज्या पक्ष्यासाठी एवढा खटाटोप, त्याची ओळख ९० वरून ७५ टक्क्यांवर आली आणि एकूण अचूकतेनं ते झाकून टाकलं. म्हणून टक्केवारी वर्गवार काढायची.

शेवटी त्याच क्लिप बोर्डवरही चालवा. ८ बिटी मॉडेल लॅपटॉपवर एक सांगतंय आणि बोर्डवर भलतंच, असं वारंवार झालं, तर बिटांना दोष देऊ नका. बहुतेक वेळा बोर्डवर आवाजाचे आकडे काढणारा कोड वेगळा असतो.