गोळी सोडली आणि झोपच उडाली

नाशिकच्या पन्नाशीतल्या एका बँक कर्मचाऱ्याचे उदाहरण समजा. त्याला झोप लागायला दीड तास लागायचा आणि रात्रभरात जेमतेम पाच तास झोप व्हायची. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी झोलपिडेम दिले, पण गोळी दोन महिने चालूच राहिली. मग एके दिवशी त्याने ती बंद केली. त्या रात्री डोळा लागला पहाटे तीनला, दुसऱ्या रात्रीही तीच गत. तिसऱ्या रात्री त्याने गोळी घेतली आणि शांत झोपला. निष्कर्ष काय काढला? ‘गोळीशिवाय आपलं काही खरं नाही.’

इथेच फसगत होते. गोळी सुरू होण्याआधी तो पाच तास झोपत होता. आता तीन तासांवर आला, म्हणजे मूळ त्रासापेक्षाही खाली गेला. जुना आजार परतला असता, तर झोप साधारण पाच तासांच्या आसपास घुटमळली असती. ही उलटून आलेली निद्रानाशाची लाट आहे. अँथनी केल्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात तिचे वर्णन केले होते.

या गोळ्या मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम वाढवतात. रोज मदत मिळत राहिली की मेंदू स्वतःची शांत होण्याची यंत्रणा थोडी सैल सोडतो. गोळी अचानक थांबली की तो काही काळ जास्तच जागा राहतो. झोलपिडेमसारखे औषध अंगातून काही तासांत उतरते, त्यामुळे लाट पहिल्या-दुसऱ्या रात्रीच येते आणि बहुधा आठवड्याच्या आत ओसरते. डायझेपामसारखे रेंगाळणारे औषध असेल, तर ती उशिरा आणि सौम्यपणे येते.

म्हणून गोळी सोडण्याआधीच एका वहीत किती वाजता पडलो, केव्हा झोप लागली, कितीदा जाग आली, हे लिहून ठेवावे. सोडल्यावरचे आकडे वाईट असूनही दिवसागणिक सुधारत असतील, तर ती लाट. दोन-तीन आठवडे उलटूनही झोप जुन्याच पातळीवर अडून राहिली, तर मूळ त्रास शिल्लक आहे. गोळीआधीची नोंदच नसेल, तर फरक सांगणे डॉक्टरांनाही अवघड जाते.

हात थरथरणे, घाम, छातीत धडधड अशी पूर्वी कधी नसलेली लक्षणे दिसू लागली, तर तो निव्वळ झोपेचा प्रश्न नव्हे. शरीराला औषधाची सवय लागल्याचे ते चिन्ह आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केल्या, तर फिटही येऊ शकते. तेव्हा स्वतःच्या मनाने गोळी तोडू नका. डॉक्टरांकडून मात्रा टप्प्याटप्प्याने, बहुधा दर दोन आठवड्यांनी सुमारे चतुर्थांश, कमी करून घ्या.